एक किलो, पण कशाचा?

लिथियम आयर्न फॉस्फेट ही राखाडी-काळी पूड आज असंख्य विजेच्या बसमध्ये, रिक्षांमध्ये आणि सौरऊर्जा साठवणाऱ्या बॅटऱ्यांमध्ये वापरली जाते. या पुडीच्या एका किलोत सिद्धांतानुसार सुमारे 580 वॉट-तास ऊर्जा मावते. पण तीच पूड भरलेला तयार सेल वजनकाट्यावर ठेवून हिशेब केला, तर किलोमागे 160-170 वॉट-तासच हाती लागतात. मधली ऊर्जा कुठे गळून गेलेली नाही. भागाकार करताना आधी फक्त पुडीचे वजन घेतले होते, आता सगळ्या सेलचे घेतले, एवढाच फरक आहे. पण हे वाढलेले वजन नेमके कशाचे, आणि ते काढून का टाकता येत नाही, हे पाहण्यासाठी एक खरा सेल उलगडायला हवा.

सौरऊर्जा साठवणाऱ्या बॅटऱ्यांत सर्रास दिसणारा 280 ॲम्पिअर-तासांचा चौकोनी सेल घेऊ. जाडजूड पुस्तकाएवढी ही ॲल्युमिनियमची डबी साधारण 5.4 किलो भरते. तिचा व्होल्टेज 3.2, म्हणजे ऊर्जा 280 गुणिले 3.2, 896 वॉट-तास. किलोमागे 166. आत काय किती असावे, याचा पुढचा हिशेब मी या प्रकारच्या सेलमधल्या नेहमीच्या जाडी आणि घनतांवरून मांडला आहे. प्रत्येक कारखान्याचे आकडे थोडे मागेपुढे होतील, चित्र मात्र हेच राहील.

पहिली घट डबीपर्यंत पोचायच्या आधीच होते. 580 हा आकडा एकट्या पुडीचा आहे, आणि एका ध्रुवाने सेल होत नाही. पुडीतून निघालेले लिथियम चार्जिंगच्या वेळी मुक्कामाला राहील, अशी दुसरी जागा लागते. ती जागा म्हणजे ग्रॅफाइट. शिवाय पहिल्याच चार्जिंगमध्ये काही लिथियम ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर एक पातळ थर तयार करण्यात कायमचे खर्ची पडते. हा थर नसेल तर इलेक्ट्रोलाइट विघटित होत राहील, म्हणून हा खर्च टाळता येत नाही. परिणामी, कागदावर ग्रॅममागे 170 मिलिॲम्पिअर-तास देऊ शकणाऱ्या पुडीकडून प्रत्यक्षात 140 च्या आसपास मिळतात. म्हणजे आपल्या सेलला सुमारे 2 किलो पूड लागते. ग्रॅफाइटही जेमतेम पुरेल एवढे ठेवून चालत नाही. ते कमी पडले तर लिथियम आत शिरण्याऐवजी वरच धातू होऊन साचते आणि शॉर्टसर्किटचा धोका उभा राहतो. म्हणून थोडे जादाच घालतात, सुमारे 950 ग्रॅम. ऊर्जा साठवणारे पदार्थ येथे संपले. 2.95 किलोत 896 वॉट-तास, म्हणजे किलोमागे 304. निम्मी उंची आपण अजून डबीला हातही न लावता उतरलो.

उरलेले जवळपास अडीच किलो ऊर्जेचा एक कणही साठवत नाहीत. त्यात सर्वांत जड आहे इलेक्ट्रोलाइट, सुमारे एक किलो. मोटारीच्या शिसे-आम्ल बॅटरीत आम्ल स्वतः रासायनिक क्रियेत भाग घेते. येथे मात्र हा द्रव केवळ वाट आहे. लिथियमचे आयन त्यातून इकडून तिकडे जातात, आणि त्यासाठी दोन्ही लेपांतली आणि मधल्या सेपरेटरमधली प्रत्येक पोकळी भिजलेली असावी लागते. लेप रोलरखाली कितीही दाबला तरी त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा पोकळच ठेवावा लागतो, आणि ती पोकळी द्रवाने भरावी लागते. द्रव कमी घातला तर सेल नवा असताना काट्यावर हलका आणि छान दिसतो. पण वापरात द्रव हळूहळू खर्च होतो, काही भाग कोरडे पडतात, तिथली पूड निकामी होते आणि क्षमता अचानक कोसळू लागते.

दुसरा वाटा फॉइलचा. पूड स्वतः वीज नीट वाहून नेत नाही आणि तिला आकारही नसतो. म्हणून ती थोड्या कार्बनमध्ये आणि चिकट द्रव्यात कालवून (या दोन्हींचे मिळून 130 ग्रॅम) धातूच्या फॉइलवर दोन्ही बाजूंनी लेपतात. एका बाजूचा लेप सुमारे 80 मायक्रॉन, केसाच्या जाडीइतका. पुडीच्या बाजूला 15 मायक्रॉनचे ॲल्युमिनियम, ग्रॅफाइटच्या बाजूला 8 मायक्रॉनचे तांबे. एवढे पातळ असूनही प्रत्येकी साडेपाच चौरस मीटरहून जास्त फॉइल या डबीत गुंडाळलेले असते. ॲल्युमिनियमचे वजन होते सुमारे 230 ग्रॅम आणि तांब्याचे 400. तांब्याऐवजी हलके ॲल्युमिनियमच दोन्हीकडे वापरावे, तर ग्रॅफाइटच्या बाजूच्या कमी व्होल्टेजवर ॲल्युमिनियम लिथियमशी मिश्रधातू बनवते आणि भुगा होऊन जाते. उलट पुडीच्या बाजूच्या जास्त व्होल्टेजवर तांबे विरघळते. त्यामुळे या जागांची अदलाबदल होत नाही. यात सेपरेटरचे 170 ग्रॅम, आणि डबी, झाकण, टर्मिनल, सुरक्षा-झडप यांचे सुमारे 520 ग्रॅम मिळवले की 5.4 किलो पुरे होतात.

मग लेपच जाड का करू नये? दुप्पट जाड लेप दिला तर तेवढ्याच पुडीला निम्मे फॉइल आणि निम्मा सेपरेटर पुरेल. या तिन्हींचे मिळून वजन सुमारे 800 ग्रॅम आहे, तेव्हा 400 ग्रॅम वाचतील आणि सेल किलोमागे 179 वॉट-तासांवर जाईल. कमाई तेरा वॉट-तासांची. किंमत मात्र मोठी आहे. आयनांना लेपाच्या तळापर्यंत जायचे अंतर दुप्पट झाले की विसरणाला लागणारा वेळ चौपट होतो. पटकन चार्ज करू गेले तर वरचा ग्रॅफाइट भरून जातो, तळचा रिकामा राहतो आणि वर लिथियम धातू साचू लागते. कारखान्यातही जाड लेप वाळताना तडकतो, फॉइलवरून सुटतो. म्हणूनच रात्रभर सावकाश चालणाऱ्या साठवणुकीच्या सेलमध्ये जाड लेप परवडतो, आणि झटपट ताकद देणाऱ्या ड्रिलमशीनच्या सेलमध्ये पातळच ठेवावा लागतो. ड्रिलचा सेल किलोमागे कमी ऊर्जा देतो, यात रसायनाचा दोष नसतो.

नव्या बॅटरीची बातमी वाचताना हाच हिशेब उपयोगी पडतो. लिथियम-सल्फरचे उदाहरण घ्या. त्याचा सैद्धांतिक आकडा किलोमागे सुमारे 2,600 वॉट-तास आहे, आणि तो खरा आहे. एक ग्रॅम सल्फर प्रत्यक्षात 1.2 ॲम्पिअर-तास देतो असे धरू. 2.1 व्होल्टने गुणल्यावर अडीच वॉट-तास होतात. पण प्रयोगशाळेतल्या नाण्याएवढ्या सेलमध्ये एका ग्रॅम सल्फरमागे 10 मिलिलिटर किंवा त्याहून जास्त इलेक्ट्रोलाइट घालणे नवे नाही. त्याचेच वजन 10 ग्रॅमपेक्षा जास्त भरते. म्हणजे लिथियम, फॉइल, डबी काहीही न मोजता हा सेल किलोमागे 250 वॉट-तासांच्या खाली आला. प्रयोग खोटा नसतो. सल्फर नीट काम करतो का, एवढेच त्यात तपासलेले असते आणि आकडाही सल्फरच्याच वजनावर दिलेला असतो.

तेव्हा ‘किलोमागे इतके वॉट-तास’ असे वाचले की तीन गोष्टी शोधाव्यात: भागाकारातला किलो पुडीचा, सेलचा की पूर्ण बॅटरी पॅकचा, एका चौरस सेंटिमीटरवर किती मिलिॲम्पिअर-तासांचा लेप होता, आणि एका ॲम्पिअर-तासामागे किती ग्रॅम इलेक्ट्रोलाइट घातले होते. आपल्या 280 वाल्या सेलची उत्तरे आहेत: सेलचा किलो, सुमारे अडीच मिलिॲम्पिअर-तास आणि साडेतीन ग्रॅम. ज्या दाव्यात ही उत्तरे दिलेली नाहीत, तो आकडा पदार्थाविषयी काही सांगतो, त्यापासून बनणाऱ्या सेलविषयी अजून काहीच नाही.