पैसे दिले म्हणजे माल आपला झाला का?

व्यवसाय कायद्याच्या पेपरात मालविक्रीचे उदाहरण आले की बहुतेक विद्यार्थी आधी दोन गोष्टी शोधतात: पैसे दिले का आणि माल ताब्यात आला का. दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर मालक अजून विक्रेताच, असे लिहून मोकळे होतात. उत्तर चुकते ते इथेच. मालविक्री अधिनियम, १९३० मध्ये मालकी केव्हा बदलते हे आधी उभयपक्षांच्या इराद्यावर ठरते. तो इरादा करारातून स्पष्ट होत नसेल, तर कलम २० ते २४ मधले नियम लागतात. आणि वेगळे काही ठरले नसेल तर कलम २६ प्रमाणे मालाचा धोका मालकीसोबत जातो, मग माल कोणाच्याही गोदामात पडलेला असो.

सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याचे काल्पनिक उदाहरण घेऊ. गोदामाच्या मागच्या भिंतीला लावलेली ५० पोती पुण्याच्या मसालेवाल्याने पाहिली, पसंत केली आणि ‘हीच पोती, ठोक साडेतीन लाखांना’ असा सौदा झाला. आगाऊ ५०,००० रुपये दिले. बाकी रक्कम पंधरा दिवसांनी द्यायची आणि माल दहा दिवसांनी न्यायचा, असे ठरले. तिसऱ्या रात्री गोदामाला आग लागली. त्यात विक्रेत्याची काहीच चूक नव्हती, पण सगळी पोती जळाली.

नुकसान मसालेवाल्याचे. उरलेले तीन लाख त्याला द्यावेच लागतील. माल ठरलेला होता, आहे त्या अवस्थेत उचलण्याजोगा होता आणि सौदा बिनशर्त होता. अशा वेळी करार होतो त्या क्षणीच मालकी बदलते. पैसे आणि ताबा पुढे ढकलले होते, याने काही फरक पडत नाही, असे कलम २० स्पष्ट सांगते. हे विद्यार्थ्यांना अन्यायाचे वाटते, पण तत्त्व जुने आहे. टार्लिंग विरुद्ध बॅक्स्टर या १८२७ च्या इंग्रजी खटल्यात गवताची गंजी १४५ पौंडांना विकली गेली होती. पैसे महिन्याभराने द्यायचे होते आणि गंजी मे महिन्यापर्यंत जागेवरच राहायची होती. मधल्या काळात ती जळाली आणि नुकसान खरेदीदाराच्या माथी आले.

आता आग तीच ठेवू आणि सौद्यातले एकच वाक्य बदलू. समजा भाव ठोक नव्हता, क्विंटलला १४,००० रुपये होता, आणि वजन विक्रेत्याने करून द्यायचे होते. किंमत काढण्यासाठी विक्रेत्याने वजन करायचे असेल, तर ते होऊन खरेदीदाराला कळेपर्यंत मालकी जात नाही, हे कलम २२. आग वजनाआधी लागली, तर नुकसान विक्रेत्याचे. कलम ८ प्रमाणे करारच निरर्थक होतो आणि मसालेवाल्याला आगाऊ दिलेले ५०,००० परत मिळतात.

किंवा समजा, हळकुंडे पॉलिश करून द्यायची असे ठरले होते. माल देण्याजोगा करण्याचे काम विक्रेत्याकडे बाकी असेल, तर कलम २१ लागते. इथे एक बारकावा सुटतो. सोमवारी पॉलिश पूर्ण झाले, मंगळवारी आग लागली आणि खरेदीदाराला कळवलेच नव्हते, तरीही नुकसान विक्रेत्याचेच. काम होणे आणि ते खरेदीदाराला कळणे, दोन्ही हवे. अंडरवुड विरुद्ध बर्ग कॅसल या १९२२ च्या खटल्यात सुमारे ३० टनांचे इंजिन काँक्रीटच्या पायाला जखडलेले होते. ते सोडवून रेल्वेवर चढवण्याचे काम विक्रेत्याचे होते. चढवताना ते मोडले आणि खरेदीदाराने ते नाकारले. मालकी त्याच्याकडे गेलीच नव्हती, म्हणून न्यायालयाने त्याची बाजू घेतली.

चौथा प्रकार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. समजा, सौदा नुसता ‘अमुक प्रतीची ५० पोती हळद’ असा होता, कुठली पोती हे ठरलेच नव्हते. कलम १८ सांगते की माल निश्चित झाल्याशिवाय मालकी जाऊच शकत नाही. पण म्हणून विक्रेता सुटत नाही. कलम ८ फक्त ठरलेल्या मालाला लागते, आणि ‘५० पोती हळद’ अजून बाजारात मिळतेच. त्याला दुसरीकडून आणून द्यावी लागेल, नाहीतर करारभंगाची भरपाई.

धोका मालकीसोबत जातो, या नियमाला एक अपवाद आहे. माल द्यायला किंवा घ्यायला ज्याच्या चुकीने उशीर झाला, त्या उशिरामुळे होऊ शकणारे नुकसान त्याच्यावर येते, मालक कोणीही असो.

दुसरा गैरसमज शर्त आणि हमी यांबद्दलचा. शर्त म्हणजे कराराच्या मुख्य हेतूसाठी अत्यावश्यक अट. ती मोडली तर खरेदीदार करार रद्द करू शकतो. हमी ही त्या मुख्य हेतूला जोडून असलेली दुय्यम अट. ती मोडली तर फक्त नुकसानभरपाई. इथवर पाठ असते. पण करारात ‘हमी’ लिहिले म्हणजे ती हमीच, असे मानणे चूक आहे. कलम १२ प्रमाणे नाव काहीही दिले असले तरी ती अट शर्त असू शकते. न्यायालय करार वाचून ठरवते.

आणि शर्त मोडली की माल केव्हाही परत करता येतो, हेही खरे नाही. एका छापखान्याने ७० जीएसएमचा कागद मागवला, १०० रीम, दर ४०० रुपये. आला ६० जीएसएमचा. माल वर्णनाप्रमाणे असलाच पाहिजे ही कलम १५ ची गर्भित शर्त, ती मोडली. छापखान्याने गठ्ठे उघडून तपासले आणि लगेच नाकारले, तर सगळा कागद परत जाईल. पण काम अडले म्हणून दहा रीमवर छापून टाकले, तर कलम ४२ प्रमाणे माल स्वीकारला गेला. करार तुकड्यांनी पार पडणारा नसेल, तर कलम १३ मुळे आता शर्तीचा भंग हमीचा भंग मानला जातो. ६० जीएसएमचा भाव ३४० असेल, तर रीममागे ६० रुपये, म्हणजे १०० रीमवर ६,००० रुपये किमतीतून वळते करून घेता येतील, कागद मात्र ठेवावा लागेल. न नाकारता वाजवी मुदतीपेक्षा जास्त काळ माल ठेवून घेणे, हाही स्वीकारच.

मूळच्या कलम १३ मध्ये एक कडक भाग होता. ठरलेल्या मालाची मालकी खरेदीदाराकडे गेली की, शर्त मोडली तरी माल नाकारण्याचा हक्क तिथेच संपे. वर पाहिलेच की अशी मालकी करार होताच जाते. म्हणजे माल उघडून बघण्याआधीच हक्क गमवावा लागे. १९६३ च्या दुरुस्तीने तो भाग वगळला. जुन्या टिपणांवरून अभ्यास करणाऱ्यांनी हे तपासून घ्यावे.

स्वीकाराचा हा नियम एका ठिकाणी लंगडा पडतो, विक्रेत्याला विकण्याचा हक्कच नसेल तिथे. रोलँड विरुद्ध डिव्हॉल, १९२३. मोटारींच्या एका व्यापाऱ्याने ३३४ पौंडांना मोटार घेतली आणि पुढे ४०० पौंडांना विकली. काही महिन्यांनी पोलिसांनी ती चोरीची म्हणून नेली. मोटार एव्हाना चांगली वापरली गेली होती, म्हणून वापराचे पैसे कापावेत असा मुद्दा आला. न्यायालयाने तो फेटाळला आणि पूर्ण ३३४ पौंड परत द्यायला लावले. खरेदीदाराने पैसे मोजले होते मालकीसाठी, आणि तीच त्याला एक दिवसही मिळाली नव्हती. आपल्याकडे हक्काची ही गर्भित शर्त कलम १४ मध्ये आहे.