सकाळचे सहा, संध्याकाळचे चार

अकोल्याच्या जुन्या शहरात दारावर येणारा दूधवाला लिटरने दूध घालतो आणि महिन्याला हिशेब करतो. लिटर गुणिले भाव, विषय संपला. तेच दूध गावातल्या सहकारी संस्थेत घातले की हिशेब बदलतो. तिथे दुधापेक्षा दुधातल्या फॅटचे पैसे मिळतात, आणि पंधरा दिवसांनी हातात पडणाऱ्या बिलावर तीस वेळांच्या नोंदी असतात. या नोंदी सभासदाला वाचता आल्या पाहिजेत, म्हणून हा लेख.

फॅट मोजायची जुनी आणि अजूनही प्रमाण मानली जाणारी पद्धत स्विस रसायनतज्ज्ञ गर्बर यांची. काचेच्या ब्यूटिरोमीटरमध्ये 10 मिलि गंधकाम्ल, त्यावर 10.75 मिलि दूध आणि 1 मिलि अमाईल अल्कोहोल घालतात. आम्ल दुधातली प्रथिने विरघळवते, त्या उष्णतेने नळी हाताला चटका देते आणि फॅट मोकळी होते. नळी यंत्रात गरगर फिरवली की हलकी फॅट अरुंद मानेत जमते. तिथल्या पिवळसर स्तंभाची उंची म्हणजे टक्केवारी. स्तंभाखाली काळे जळके कण दिसले तर आम्ल जास्त तीव्र होते, पांढरट गाठी दिसल्या तर कमकुवत. दोन्ही वेळा ती चाचणी पुन्हा करायला हवी. आता बहुतेक केंद्रांवर ध्वनिलहरींवर चालणारे यंत्र मिनिटभरात आकडा दाखवते, पण त्याचा आकडाही अधूनमधून गर्बरशी ताडून पाहावा लागतो.

आता नोंदवहीकडे येऊ. समजा एका सभासदाची म्हैस सकाळी 6 किलो दूध देते, फॅट 6.2. संध्याकाळी 4 किलो, फॅट 7.4. दोन धारांमधले रात्रीचे अंतर मोठे असले की सकाळचे दूध जास्त आणि पातळ, संध्याकाळचे कमी आणि दाट, हे म्हैस पाळणाऱ्याला सांगायला नको. किलो फॅटला 800 रुपये दर धरू. सकाळची फॅट 372 ग्रॅम, संध्याकाळची 296, एकूण 668 ग्रॅम. दिवसाचे 534 रुपये 40 पैसे, आणि रोज असेच दूध आले तर पंधरवड्याचे 8,016 रुपये.

हेच काम घाईने करणारा माणूस 6.2 आणि 7.4 ची सरासरी 6.8 काढतो आणि 10 किलोला लावतो. फॅट होते 680 ग्रॅम, बिल होते 8,160 रुपये. सभासदाला 144 रुपये जास्त मिळाले, तो खूश. पण संघ टँकरमधल्या खऱ्या फॅटचेच पैसे देतो, त्यामुळे ही तूट संस्थेच्या डोक्यावर बसते आणि वर्षअखेर सगळ्यांच्या बोनसमधून वसूल होते. म्हणून सरासरी दुधाच्या वजनाला धरूनच काढायची. सचिवाने रोज सगळ्या सभासदांच्या फॅटचे ग्रॅम बेरजेला घ्यावेत आणि रवाना झालेल्या कॅनच्या फॅटशी ताडावेत. थोडा फरक राहतोच. तो रोज एकाच बाजूला पडू लागला तर यंत्र, नमुना किंवा वही यांपैकी कुठेतरी चूक आहे.

बहुतेक वेळा चूक नमुन्यात सापडते. दूध थोडा वेळ उभे राहिले की साय वर येते. न ढवळता वरून नमुना घेतला तर फॅट जास्त लागते, तळातून घेतला तर कमी. दुसरी जागा दशांश चिन्हानंतरची. यंत्राने 6.28 दाखवले आणि वहीत 6.2 लिहिले, तर आपल्या उदाहरणात एका सकाळी 3 रुपये 84 पैसे गेले, पंधरा सकाळींचे 57 रुपये 60 पैसे.

तिसरी जागा मापाची आहे, आणि तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. फॅटचा टक्का वजनावर असतो, पण एक लिटर दूध साधारण 1.03 किलो भरते. माप लिटरचे आणि हिशेब किलोचा समजून केला, तर सभासदाचे शेकडा तीन रुपये जातात. वरच्या बिलात ते 240 रुपये होतात. दर ठरवतानाच हा फरक धरलेला असू शकतो, म्हणून दरपत्रक लिटरचे आहे की किलोचे, हे आधी विचारावे.

गाईच्या दुधाचा हिशेब थोडा वेगळा. तिथे फॅटबरोबर एसएनएफही पाहतात, आणि सरकार दर जाहीर करते तो 3.5 फॅट व 8.5 एसएनएफच्या दुधाचा. 2023 च्या जुलैत जाहीर झालेला 34 रुपयांचा दर याच प्रतीसाठी होता. त्याखाली उतरलेल्या प्रत्येक पॉइंटला कपात लागते, आणि ती किती हे दरपत्रकातच पाहावे लागते.

बिलाच्या शेवटी पशुखाद्य, उचल आणि ठेव यांची वजावट असते. दुसरा पंधरवडा 16 तारखेपासून महिनाअखेरपर्यंतचा, म्हणजे 13 ते 16 दिवसांचा. म्हणून मागच्या बिलाशी रक्कम ताडण्याआधी दिवस मोजा. पुढचे बिल हातात आले की एकाच दिवसाच्या दोन ओळी घ्या, प्रत्येक वेळचे वजन फॅटच्या टक्क्याने आणि मग दराने गुणा आणि रक्कम जुळते का पाहा. नाही जुळली, तर वही मागून घ्या. सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे.