पाणी कुठवर पोचेल?

जोरदार पंपाच्या पाइपातून पाणी सेकंदाला २० मीटर वेगाने सुटते आहे. पाइपाचे तोंड जमिनीलगत आहे आणि ते कोणत्याही कोनात फिरवता येते. तोंडापासून ३२ मीटरवरच्या भिंतीत ८ मीटर उंचीवर एक खिडकी आहे. पाणी तिच्यात शिरेल का?

एकेक कोन धरून पाहायचे तर दिवस जाईल. गॅलिलिओचा शिष्य तोरिचेल्ली याने १६४४ साली तोफगोळ्यांच्या संदर्भात हा प्रश्न सोडवून ठेवला आहे. वेग तोच ठेवून कोन बदलत गेले, तर सगळ्या धारांना बाहेरून स्पर्श करणारी एक कमान तयार होते आणि ती कमानही अन्वस्तच असते. तिच्या पलीकडे काहीच पोचत नाही, म्हणून तिला ‘सुरक्षिततेचे अन्वस्त’ म्हणतात. गुरुत्वत्वरण १० धरले, तर पाणी पोचणारी जागा अशी लिहिता येते:

y ≤ २० − x²/८०

येथे x म्हणजे पाइपापासूनचे आडवे अंतर आणि y म्हणजे उंची. आधी ‘≤’च्या जागी ‘=’ मानून कमान काढायची. तिचा माथा २० मीटरवर येतो आणि ती दोन्हीकडे ४० मीटरवर जमिनीला टेकते. कमानीवरच्या बिंदूंनाही पाणी लागते, म्हणून रेघ सलग काढायची. नुसते ‘<’ असते तर ती तुटक काढली असती.

आता रंगवायचे आत की बाहेर? पाइपाचे तोंड, म्हणजे (०, ०), घालून पाहू. ० ≤ २० हे खरे आहे, म्हणून कमानीखालची बाजू रंगवायची. एकाच बिंदूवर भागते, कारण कमान न ओलांडता खरे विधान खोटे होऊच शकत नाही. मात्र चाचणीचा बिंदू कमानीवरचा नको. y > x² साठी अनेक मुले सवयीने (०, ०) घेतात. तो नेमका वक्रावरच असल्याने कोणत्या बाजूला रंगवायचे हे त्यातून कळत नाही. तेथे (०, १) घ्यावा.

दुसरी फसगत चिन्हाची. हीच असमानता २० − x²/८० − y ≥ ० अशी लिहिली, की ‘≥’ पाहून हात वरची बाजू रंगवू लागतो. पण y समोर उणे चिन्ह आहे! (०, ०) घातला की चूक लगेच पकडली जाते.

आता खिडकी. ३२ चा वर्ग १०२४. त्याला ८० ने भागले की १२.८, २० मधून वजा केले की ७.२. खिडकी ८ मीटरवर, म्हणजे कोरडी. २४ मीटर अंतरावर १२ मीटर उंचीची गच्ची मात्र भिजेल, कारण तेथे कमान १२.८ मीटरवर आहे.

हवेचा अडथळा या हिशेबात धरलेला नाही. तो धरला तर पाणी पोचण्याची जागा आणखी आक्रसते. त्यामुळे खिडकी कोरडीच राहील, पण गच्ची भिजेलच असे छातीठोकपणे सांगता येणार नाही.