दोरीच्या एका लाटेचे दोन आलेख

एका कागदावर दोन आलेख काढलेले आहेत. दोन्हींत तीच नागमोडी रेषा, तेवढेच उंच माथे आणि तेवढेच खोल खळगे. एकावर दुसरा ठेवला तर रेषा तंतोतंत जुळेल. तरीही एकावरून लाटेची तरंगलांबी कळते पण आवर्तकाल कळत नाही आणि दुसऱ्यावरून आवर्तकाल कळतो पण तरंगलांबी कळत नाही. फरक एवढाच, की एकाच्या आडव्या अक्षाखाली ‘अंतर, मीटर’ लिहिलंय आणि दुसऱ्याच्या खाली ‘वेळ, सेकंद’. अकरावी-बारावीची मुलं हे अक्षर न वाचताच दोन माथ्यांमधल्या चौकटी मोजायला घेतात, आणि मग आवर्तकालाचं उत्तर मीटरमध्ये येतं.

हे दोन्ही आलेख एकाच लाटेतून कसे निघतात, ते बघायला एक लांब दोर आणि मोबाइलचा कॅमेरा पुरतो. समजा, गुळगुळीत फरशीवर सहा मीटर लांबीचा जाडसर दोर ताणून ठेवलाय. एक टोक एकाने घट्ट धरलंय आणि दुसरं टोक हातात घेऊन आपण ते डावी-उजवीकडे एका लयीत हलवतोय. दोरावरून लाट सरकत पलीकडे जाते. फरशीवर दर वीस सेंटिमीटरला खडूची खूण केली आहे. दोराला दोन ठिकाणी लाल धाग्याच्या गाठी मारल्या आहेत, पहिली हातापासून २ मीटरवर आणि दुसरी २.४ मीटरवर. वरच्या जिन्यातून कोणीतरी या सगळ्याचा व्हिडिओ घेतंय, सेकंदाला तीस चित्रं या वेगाने.

व्हिडिओ थांबवला की पडद्यावर जे एक चित्र दिसतं, तो झाला विस्थापन-अंतर आलेख. त्या एका क्षणी दोराचा प्रत्येक बिंदू आपल्या मूळ जागेपासून किती बाजूला गेला आहे, ते त्यात दिसतं. खडूच्या खुणांवरून एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत मोजलं तर १.६ मीटर भरतात. ही तरंगलांबी. आता दोराच्या आकाराकडे न बघता फक्त पहिल्या गाठीवर नजर ठेवायची आणि एकेक चित्र पुढे सरकवत तिची जागा लिहून काढायची. हा विस्थापन-वेळ आलेख. गाठ एका बाजूच्या टोकाला जाऊन पुन्हा त्याच टोकाला यायला बारा चित्रं लागतात, म्हणजे ०.४ सेकंद. हा आवर्तकाल. लाट एका आवर्तकालात बरोबर एक तरंगलांबी पुढे जाते, म्हणून तिचा वेग १.६ भागिले ०.४, म्हणजे सेकंदाला ४ मीटर. या वेगासाठी दोन्ही आलेख लागतात. नुसत्या एकावरून तो मिळत नाही.

मोजताना एक काळजी घ्यावी लागते. माथ्याजवळ रेषा सपाट असते, त्यामुळे माथा नेमका कुठे आहे ते डोळ्याला ठरवता येत नाही. त्यापेक्षा रेषा मधल्या अक्षाला जिथे छेदते ती जागा जास्त स्पष्ट दिसते. पण लगतचे दोन छेद घेतले तर अर्धीच तरंगलांबी किंवा अर्धाच आवर्तकाल हाती येतो, कारण एका छेदाशी रेषा वर चढत असते आणि पुढच्याशी खाली उतरत असते. चढत्या छेदापासून चढत्या छेदापर्यंतच मोजायचं. शिवाय एकच फेरी मोजली तर एका चित्राची चूक बारातली एक असते, म्हणजे जवळजवळ आठ टक्के. तीन फेऱ्या मोजून तीनने भागलं तर तीच चूक तीन टक्क्यांच्या आत येते.

आता या दोन आलेखांमधलं खरं नातं. दोर लयीत हलवायच्या आधी हाताला एकच वेडावाकडा झटका देऊन बघा: हात चटकन बाजूला न्या आणि सावकाश मूळ जागी आणा. हाताचा विस्थापन-वेळ आलेख काढला तर डावीकडे उभी चढण येईल आणि उजवीकडे लांब उतार. दोरावरून धावणाऱ्या त्या फुगवट्याचं चित्र थांबवून पाहिलं तर उभी कड उजवीकडे असते आणि लांब उतार डावीकडे. आकार तोच, पण आरशात पाहिल्यासारखा उलटा. कारण सोपं आहे. हाताने जे आधी केलं ते दोरावर सगळ्यात पुढे गेलं. वेळेच्या आलेखात आधीचं डावीकडे असतं, उजवीकडे निघालेल्या लाटेच्या चित्रात आधीचं उजवीकडे असतं. लयीत हलवलेल्या दोराची नागमोडी रेषा दोन्ही बाजूंनी सारखीच असल्याने हा उलटेपणा तिच्यात लपून जातो. पाठ्यपुस्तकांत नेहमी तीच सुबक रेषा असते, म्हणून ही गोष्ट कित्येकांच्या लक्षातच येत नाही, असं मला वाटतं.

या उलटेपणाचा सगळ्यात मोठा फटका बसतो तो ‘हा बिंदू आता कुठल्या दिशेला चाललाय?’ या प्रश्नाला. वेळेच्या आलेखावर उत्तर सरळ आहे: रेषा चढत असेल तर बिंदू वर चाललाय, उतरत असेल तर खाली. तीच सवय अंतराच्या आलेखावर नेली की उत्तर उलटं येतं. आपल्या व्हिडिओतलं एक चित्र घेऊ. (जिन्यातून पाहताना दोराची एक बाजू ‘वर’ आणि दुसरी ‘खाली’ म्हणू.) या चित्रात माथा १.६ मीटरवर आहे, पहिली गाठ २ मीटरवर बरोबर मधल्या रेषेत आहे आणि दुसरी गाठ २.४ मीटरवर खळग्याच्या तळाशी आहे. पहिल्या गाठीजवळ दोर उजवीकडे उतरताना दिसतो. पण लाट उजवीकडे चालली आहे, त्यामुळे गाठीच्या डावीकडचा माथा लवकरच तिच्यापाशी पोचणार. म्हणजे गाठ या क्षणी वर चालली आहे. शंका वाटली तर हीच युक्ती करावी: लाट जिकडे चालली आहे तिकडे अख्खी रेषा किंचित सरकवून पुन्हा काढायची आणि बिंदू जुन्या रेषेवरून नव्या रेषेवर कुठे गेला ते पाहायचं. लाट डावीकडे चालली असती तर तीच गाठ त्याच क्षणी खाली गेली असती. नुसत्या एका चित्रावरून हे ठरत नाही. लाटेची दिशा माहीत असावी लागते.

एखादा बिंदू आपल्या फेरीच्या कोणत्या टप्प्यावर आहे, ते सांगणारी गोष्ट म्हणजे कला, वर्गातल्या भाषेत फेज. पूर्ण फेरी ३६० अंशांची धरतात. वरच्या चित्रात पहिली गाठ मधून वर निघाली आहे आणि दुसरी तळाशी आहे. दुसऱ्या गाठीला मध्यावर यायला अजून पाव फेरी हवी, म्हणून ती पहिलीच्या ९० अंश मागे आहे. हेच कलांतर अंतरावरूनही निघतं: दोन गाठींत ०.४ मीटर, तरंगलांबी १.६ मीटर, म्हणजे पाव. वेळेवरूनही तेच: दोन्ही गाठींचे वेळेचे आलेख एकाच कागदावर काढले तर दुसरीचे माथे पहिलीच्या माथ्यांपासून तीन चित्रं, म्हणजे ०.१ सेकंद, उजवीकडे सरकलेले दिसतात आणि ०.१ हा ०.४ चा पावच. उजवीकडे सरकलेली रेषा पाहून ती ‘पुढे’ आहे असं मन म्हणतं. पण वेळेच्या अक्षावर उजवीकडे म्हणजे नंतर. ती मागे आहे.

आता तिसरी गाठ ४.४ मीटरवर मारू. तिचा वेळेचा आलेख पहिल्या गाठीच्या बरोबर उलट येतो: एक माथ्यावर असताना दुसरी तळाशी. फक्त हे दोन आलेख कोणी हातात दिले आणि गाठींमधलं २.४ मीटर अंतर सांगून तरंगलांबी विचारली, तर प्रामाणिक उत्तर एकच नसतं. ते अंतर अर्धी तरंगलांबी असू शकतं, दीड असू शकतं, अडीचही असू शकतं. म्हणजे तरंगलांबी ४.८ मीटर, १.६ मीटर किंवा ०.९६ मीटर, आणि यादी पुढेही चालू राहते. उत्तर पक्कं करायला लाट पोचण्याचा पहिला क्षण बघावा लागतो. पहिली गाठ हलायला लागल्यानंतर तिसरी १८ चित्रांनी, म्हणजे ०.६ सेकंदांनी हलू लागते. ०.६ सेकंद म्हणजे दीड आवर्तकाल, म्हणून दीड तरंगलांबी, आणि १.६ मीटर हेच खरं.

ही सगळी मोजणी सुरुवातीच्या काही क्षणांचीच करायची असते. लाट दीड सेकंदात पलीकडच्या टोकाला पोचते, तिथून उलटून परत फिरते आणि १.९ सेकंदांनी तिसऱ्या गाठीवर येते. त्यानंतर जाणारी आणि येणारी लाट एकमेकींत मिसळतात आणि वेळेचे आलेख फसवू लागतात. हे ओळखायचं कसं? काही बिंदू जागच्या जागी जवळजवळ स्थिर राहतात, इतरांचे झोके कमीजास्त उंचीचे होतात, शेजारचे बिंदू एकाच क्षणी माथ्यावर जातात. चित्रांमागून चित्रं पाहिली तर माथे पुढे सरकण्याऐवजी तिथेच उगवतात आणि मावळतात. ही स्थिर लाट. तिच्यातल्या लगतच्या दोन स्थिर बिंदूंमधलं अंतर ०.८ मीटर भरतं, आणि ते तरंगलांबी समजून लिहिलं की उत्तर निम्मं येतं.

दोरावर दोन्ही आलेख मिळतात, समुद्रावर बहुतेक वेळा एकच. लाटा मोजणारा तरंगता बोया एका जागी वरखाली होतो. तो फक्त वेळेचा आलेख देतो. त्यावर माथे बारा सेकंदांनी येत असतील तर आवर्तकाल बारा सेकंद, एवढंच कळतं. तरंगलांबीसाठी पाण्याच्या लाटेचा नियम जोडावा लागतो. खूप खोल पाण्यात आवर्तकालाचा वर्ग गुणिले १.५६ केला की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. बारा सेकंदांच्या लाटेसाठी सुमारे २२५ मीटर. तीच लाट किनाऱ्याजवळच्या दोन मीटर पाण्यात आली की तिचा वेग सेकंदाला साधारण ४.४ मीटरवर येतो आणि तरंगलांबी ५३ मीटरच्या आसपास उरते. बोया तिथे नेऊन ठेवला तर लाट उंच आणि टोकदार झालेली दिसेल, पण माथ्यांमधली वेळ पुन्हा बारा सेकंदच भरेल. लाट पाऊणपट आखडली, हे विमानातून काढलेल्या फोटोतच दिसतं.