दसरा : तिथिनिर्णय आणि अपराह्णकाल

आश्विन शुद्ध दशमीस विजयादशमी किंवा दसरा म्हणतात. आश्विन शुद्ध प्रतिपदेस घटस्थापनेने सुरू होणारे शारदीय नवरात्र नवमीस पूर्ण होते व त्यानंतर दसरा येतो, असा सर्वसाधारण समज आहे. तिथींच्या क्रमाचा विचार करता तो बरोबर असला, तरी दिवसांच्या मोजणीला तो नेहमीच लागू पडत नाही. घटस्थापनेपासून मोजल्यास महाराष्ट्रात दसरा २०२० मध्ये नवव्या, २०२३ मध्ये दहाव्या आणि २०२५ मध्ये अकराव्या दिवशी आला. या फरकाचे कारण तिथी व दिवस यांच्या भिन्न स्वरूपात आणि दशमीच्या अपराह्णकाळाला धर्मशास्त्राने दिलेल्या प्राधान्यात आढळते.

तिथी व वार : चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे जाण्यास जो काळ लागतो, त्यास तिथी म्हणतात. चंद्राची गती सारखी नसल्यामुळे तिथीची लांबी सु. २० तासांपासून सु. २७ तासांपर्यंत कमीजास्त होते आणि ती दिवसाच्या किंवा रात्रीच्या कोणत्याही क्षणी सुरू होऊ शकते. वार मात्र सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजतात. सूर्योदयाच्या वेळी जी तिथी चालू असेल, ती त्या दिवसाची तिथी म्हणून पंचांगात दिली जाते. एकच तिथी लागोपाठ दोन सूर्योदयांना असली, तर तिची वृद्धी झाली असे म्हणतात. एकाही सूर्योदयास नसली, तर तिचा क्षय होतो. २०२५ मध्ये २४ व २५ सप्टेंबर या दोन्ही दिवशी सूर्योदयास तृतीयाच होती. त्यामुळे २२ सप्टेंबर रोजी घटस्थापना होऊनही नवमी १ ऑक्टोबरला, म्हणजे दहाव्या दिवशी, आली व दसरा २ ऑक्टोबरला, म्हणजे अकराव्या दिवशी, झाला.

कर्मकालाचे तत्त्व : सूर्योदयाची तिथी हा दैनंदिन व्यवहाराचा नियम आहे. व्रते व उत्सव यांसाठी मात्र ज्या वेळी मुख्य विधी करावयाचा असतो, त्या वेळी तिथी असणे आवश्यक मानतात. त्या वेळेस कर्मकाल म्हणतात. गणेशचतुर्थीस मध्याह्न, जन्माष्टमीस मध्यरात्र व लक्ष्मीपूजनास प्रदोष हा कर्मकाल होय. दसऱ्याचा मुख्य कर्मकाल अपराह्ण व गौण कर्मकाल प्रदोष, असा निर्णय पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांनी धर्मसिंधु (१७९०) या ग्रंथात दिला असून महाराष्ट्रातील पंचांगकर्ते सामान्यतः त्यास अनुसरतात.

अपराह्ण हाच काळ का, याचे उत्तर दसऱ्याच्या कृत्यांत मिळते. सीमोल्लंघन, शमीपूजन, अपराजितापूजन आणि परदेशगमनाचा प्रारंभ ही या दिवसाची प्रमुख कृत्ये होत. गावाच्या ईशान्येस शुद्ध भूमीवर जाऊन अपराजिता देवीचे पूजन करावे, शमीची पूजा करावी, सीमा ओलांडावी आणि मग घरी परतावे, असा हा विधी आहे. शमी नसेल तेथे आपट्याची पूजा सांगितली आहे. महाराष्ट्रात आपट्याची पाने सोने म्हणून देण्याची चाल याच विधीशी निगडित आहे. ही सर्व कृत्ये गावाबाहेर जाऊन करावयाची असतात. ती दुपार उतरल्यावर सुरू होऊन दिवेलागणीपर्यंत संपतात. म्हणून दुपारनंतरचा काळ मुख्य व सायंकाळचा त्यास पूरक मानला गेला. दशमीच्या संध्याकाळी तारे दिसू लागण्याच्या वेळेस ‘विजय’ अशी संज्ञा असून दिवसाच्या अकराव्या मुहूर्तासही तेच नाव आहे. या दोन्ही वेळांना आरंभिलेले कार्य सिद्धीस जाते, अशी श्रद्धा आहे.

अपराह्णाचे गणित : सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे पाच समान भाग केल्यास अनुक्रमे प्रातःकाल, संगव, मध्याह्न, अपराह्ण व सायाह्न हे भाग मिळतात. यांतील चौथा भाग तो अपराह्ण. व्यवहारात दुपारी बारानंतरच्या सर्व वेळेस अपराह्ण म्हणण्याची रीत असली, तरी येथे तो अर्थ अभिप्रेत नाही. दिनमानाचे पंधरा समान भाग केल्यास प्रत्येक भागास मुहूर्त म्हणतात. अपराह्णात दहावा, अकरावा व बारावा असे तीन मुहूर्त येतात, त्यामुळे विजयमुहूर्त अपराह्णाच्या बरोबर मध्यभागी पडतो.

उदाहरणादाखल मुंबईतील अँटॉप हिल (सु. १९° १′ उत्तर, ७२° ५२′ पूर्व) या ठिकाणचे २५ ऑक्टोबर २०२० (शके १९४२) रोजीचे गणित पाहता येईल. त्या दिवशी सूर्योदय सकाळी सु. ६·३६ वाजता व सूर्यास्त सायंकाळी सु. ६·०९ वाजता होता. म्हणजे दिनमान ११ तास ३३ मिनिटे किंवा ६९३ मिनिटे होते. त्याचा पाचवा भाग सु. १३८ मिनिटांहून किंचित अधिक येतो. असे तीन भाग सूर्योदयाच्या वेळेत मिळविले असता अपराह्णाचा प्रारंभ दुपारी सु. १·३२ वाजता व चार भाग मिळविले असता त्याचा शेवट सु. ३·५० वाजता येतो. एक मुहूर्त सु. ४६ मिनिटांचा होतो व दहा मुहूर्त संपल्यानंतर, दुपारी सु. २·१८ ते ३·०४ पर्यंत, विजयमुहूर्त मिळतो.

त्या दिवशी सूर्योदयास नवमी होती. ती सकाळी ७·४१ वाजता संपून दशमी लागली व दुसऱ्या दिवशी, २६ ऑक्टोबर रोजी, सकाळी ९ वाजता संपली. सूर्योदयाचा नियम लावला असता दशमी २६ ऑक्टोबरला येते. तथापि २६ तारखेस अपराह्ण सुरू होण्याच्या सु. साडेचार तास आधीच दशमी संपली होती, तर २५ तारखेचा संपूर्ण अपराह्ण व प्रदोष दशमीने व्यापला होता. म्हणून दसरा २५ ऑक्टोबरला झाला. घटस्थापना १७ ऑक्टोबरला झालेली असल्याने तो नवरात्राचा नववाच दिवस होता. दिनदर्शिकेत त्या तारखेस नवमी आणि दसरा ही दोन्ही नावे एकत्र दिसली, ती मुद्रणदोषामुळे नव्हेत. २०२४ मध्येही १२ ऑक्टोबर रोजी सूर्योदयास नवमी व सकाळी १०·५८ नंतर दशमी अशीच स्थिती होती व दसरा त्याच दिवशी झाला. मात्र त्या वर्षी नवरात्रात तृतीयेची वृद्धी झाली असल्याने तो दिवस दहावा ठरला.

२०२३ चे उदाहरण याच्या उलट आहे. २३ ऑक्टोबर रोजी दशमी सायंकाळी ५·४४ वाजता, अपराह्ण संपल्यावर, लागली आणि २४ ऑक्टोबर रोजी दुपारी ३·१४ वाजता संपली. अँटॉप हिल येथे २४ तारखेचा अपराह्ण दुपारी सु. १·३२ ते ३·५१ पर्यंत होता. दशमीने तो पूर्ण व्यापला नसला, तरी त्याचा बराच भाग व विजयमुहूर्त तिच्या कक्षेत होता. पहिल्या दिवशी मात्र अपराह्णात दशमीचा स्पर्शही नव्हता. त्यामुळे दसरा २४ ऑक्टोबरला आला.

संदेहाचे प्रसंग : दशमी एकाच दिवशी अपराह्णास असेल, तर सामान्यतः निर्णय सरळ असतो. ती दोन्ही दिवशी अपराह्णास असली अथवा एकाही दिवशी नसली, तर श्रवण नक्षत्राचा विचार करतात. ज्या एका दिवशी श्रवणाचा योग असेल, तो दिवस घ्यावयाचा असतो. दोन्ही दिवशी योग असल्यास किंवा मुळीच नसल्यास पहिला, म्हणजे नवमीयुक्त, दिवस ग्राह्य मानतात. या अखेरच्या नियमामागील तर्क गौण कर्मकालात आहे. वरील दोन्ही स्थितींत दशमी पहिल्या दिवशी सायंकाळी चालूच असते. म्हणजे त्या दिवशी प्रदोष निश्चितपणे मिळतो. समजा, दशमी एका दिवशी दुपारी साडेचार वाजता लागली व दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता संपली, तर मुंबईत दोन्ही दिवसांचे अपराह्ण चुकतात, परंतु पहिल्या दिवसाचा प्रदोष सापडतो. असा प्रसंग तिथी लहान असतानाच येऊ शकतो.

दशमी आणि श्रवण यांचा योग दरवर्षी होत नाही. दसरा सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरच्या पूर्वार्धात आला, तर चंद्र दशमीस श्रवणात असण्याचा संभव मोठा असतो. अधिक मासामुळे दसरा ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गेला, तर सूर्य पुढे सरकलेला असल्याने दशमी लागण्यापूर्वीच चंद्र श्रवण ओलांडून धनिष्ठात गेलेला असतो. २०२० व २०२३ या दोन्ही वर्षी असेच घडले व निर्णय केवळ अपराह्णावर झाला.

मतभेदांची कारणे : तिथी सुरू होण्याचा व संपण्याचा क्षण सर्व ठिकाणी एकच असतो, सूर्योदय व अपराह्ण मात्र स्थानपरत्वे बदलतात. कोलकाता मुंबईच्या सु. १५·५ अंश पूर्वेस असल्याने तेथील अपराह्ण घड्याळाप्रमाणे सु. एक तास आधी येतो. ऑक्टोबरच्या मध्यास दशमी दुपारी एक वाजता संपत असेल, तर कोलकात्यात ती अपराह्णास स्पर्श करील, मुंबईत करणार नाही. म्हणून दुसऱ्या शहरासाठी केलेले पंचांग अशा सीमेवरच्या वर्षी उपयोगी पडत नाही. पंचांगांचे अयनांश भिन्न असले, तरी त्यामुळे तिथी बदलत नाही, कारण तिथी सूर्य व चंद्र यांच्यातील अंतरावरून ठरते. नक्षत्र मात्र अयनांशावर अवलंबून असल्याने श्रवणाच्या योगात त्यामुळे फरक पडू शकतो.

सर्वच फरक गणिताचे नसतात. बंगालमध्ये दशमीचे प्रधान कृत्य देवीचे विसर्जन हे असून ते सकाळी करावयाचे असल्याने तेथे सूर्योदयाची दशमी घेतात. २०२० मध्ये तेथे विजयादशमी २६ ऑक्टोबरला मानली गेली. अँटॉप हिल येथील केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहतीसारख्या, अनेक प्रांतांतील कुटुंबे शेजारी राहतात अशा वस्तीत, अशा वर्षी एका घरी आपट्याची पाने दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरी दशमी असणे संभवनीय असते. यांपैकी कोणाचेही पंचांग चुकलेले नसते. तिथी एकच असते. तिच्यातील ज्या कृत्यासाठी ती पाळावयाची, त्या कृत्याची वेळ वेगळी असते.