सही न करता करारात

मुंबईची ‘कॉक्स अँड किंग्ज’ ही पर्यटन कंपनी आपला ऑनलाइन विक्रीचा मंच उभारत होती. त्यासाठी ‘हायब्रिस’ हे सॉफ्टवेअर घ्या, असं एसएपी इंडियाने सुचवलं आणि ऑक्टोबर 2015 मध्ये दोघांत करार झाले. वाद झालाच तर तो कोर्टात न नेता लवादाकडे न्यायचा, असं एक कलम त्यांत होतं. पुढे काम रखडलं. तेव्हा कॉक्स अँड किंग्जने थेट जर्मनीला, एसएपी इंडियाची शंभर टक्के मालकी असलेल्या एसएपी एसई या कंपनीला मदतीसाठी लिहिलं. कॉक्स अँड किंग्जच्या म्हणण्यानुसार तिकडून तज्ज्ञ देण्याची तयारीही दाखवली गेली. तरी काम सावरलं नाही. 2016 च्या नोव्हेंबरात करार मोडला आणि दिलेले 45 कोटी रुपये परत मागितले गेले. प्रकरण लवादाकडे नेताना कॉक्स अँड किंग्जने जर्मन कंपनीलाही पक्ष म्हणून ओढलं. त्या कंपनीची मात्र एकाही कागदावर सही नव्हती.

मग तिला लवादापुढे आणता येतं का? सगळा लवाद उभा राहतो तो राजीखुशीवर. कोर्टात कुणालाही खेचता येतं, कारण कोर्टाचा अधिकार सरकारकडून येतो. लवादाचा अधिकार पक्षांच्या संमतीतून येतो. ज्याने संमती दिली नाही, त्याच्यावर लवादाचा हुकूम चालत नाही.

तरीही सही न करणारा माणूस बांधला जाण्याचे काही मार्ग कायद्याला पूर्वीपासून ठाऊक आहेत, आणि आपल्यालाही ते व्यवहारातून परिचयाचे आहेत. सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याने आपल्या एजंटाला माल विकण्याचा अधिकार दिला आणि एजंटाने व्यापाऱ्याच्या वतीने करारावर सही केली असं समजा. करारातलं लवादाचं कलम व्यापाऱ्याला लागू होतं, कारण ती सही त्याचीच मानली जाते. एजंट स्वतः साधारणपणे मोकळा राहतो. आता या व्यापाऱ्याने त्या करारातले पैसे वसूल करण्याचा हक्क दुसऱ्या कुणाला लिहून दिला, तर हक्क घेणाऱ्याला त्याच्यासोबतचं लवादाचं कलमही घ्यावं लागतं. गोड तेवढं घेतलं आणि कडू टाकलं, असं चालत नाही. इथे एक मेख आहे. हक्क असा देता येतो, पण जबाबदारी समोरच्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या गळ्यात टाकता येत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये खरडा कंपनीच्या खटल्यात सांगून ठेवलं आहे. आणि व्यापारी वारला तर? लवाद कायद्याचं कलम 40 सांगतं की, पक्षाच्या मृत्यूने लवादाचा करार संपत नाही. तो कायदेशीर वारसांच्या बाजूने आणि त्यांच्या विरुद्धही चालतो.

या तिघांतही एक गोष्ट समान आहे. बांधला जाणारा माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी जागी उभा असतो. वारसाचा हक्क मृताकडून येतो, हक्क विकत घेणाऱ्याचा विकणाऱ्याकडून. कायद्यात यासाठी ‘पक्षाच्या द्वारे किंवा त्याच्या अंतर्गत दावा करणारी व्यक्ती’ असे शब्द आहेत.

जर्मनीची ही कंपनी मात्र यांतल्या कुठल्याच खणात बसत नव्हती. ती एसएपी इंडियाची वारस नव्हती की हक्क विकत घेणारी नव्हती. होती ती मालक, आणि कंपनी कायद्यात मालक वेगळा, कंपनी वेगळी. तिच्यासाठी वापरायचा होता तो ‘समूह कंपन्यांचा सिद्धांत’. 1982 मध्ये डाऊ केमिकल प्रकरणातल्या लवादाने तो मांडला. समूहातल्या ज्या कंपन्यांनी करार घडवण्यात आणि पाळण्यात प्रत्यक्ष भाग घेतला, त्या सही नसली तरी बांधील, असा त्याचा आशय होता. इंग्लंडच्या कोर्टाने 2004 मध्ये तो साफ नाकारला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये क्लोरो कंट्रोल्स प्रकरणात तो स्वीकारला खरा, पण ‘द्वारे किंवा अंतर्गत’ या शब्दांच्या खुंटीला टांगून. तिथेच घोळ झाला. ज्याचा स्वतःचा वाटा असल्याचं आपण म्हणतो, त्याला दुसऱ्याच्या सावलीत उभं का करायचं?

कॉक्स अँड किंग्ज प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 6 डिसेंबर 2023 रोजी तो सोडवला. सिद्धांत कायम राहिला, खुंटी बदलली. न्यायालयाने म्हटलं की, कायद्यातल्या ‘पक्ष’ या व्याख्येत सही करणारे आणि सही न करणारे दोन्ही येऊ शकतात. करार लेखी हवा, म्हणजे प्रत्येकाची सही हवी असं नव्हे. सही हा संमतीचा एक पुरावा आहे, एकमेव नव्हे. म्हणून सही न केलेली कंपनी आपल्या वागण्यातून पक्ष ठरू शकते. ठरली तर ती इतरांसारखीच खरी पक्ष असते, कुणाच्या खांद्यावर बसलेली नव्हे.

हे कसं ओळखायचं? कंपन्या एकाच समूहातल्या आहेत, एवढ्याने भागत नाही. मालकी शंभर टक्के असली तरी नाही. या करारात ती कंपनी बांधली जावी, असा सगळ्यांचा समान हेतू दिसावा लागतो. त्यासाठी तिचं सही करणाऱ्याशी नातं, व्यवहाराचा एकच विषय, करारांची एकमेकांत गुंतलेली वीण आणि मुख्य म्हणजे करार पाळण्यातला तिचा हात हे सगळं एकत्र पाहायचं असतं. वाटाघाटींना कोण बसलं, पैसे कुणी दिले, काम बिघडल्यावर कुणी हात घातला, हे प्रश्न इथे सर्वांत बोलके असतात. कुणी तरी एकदा सौजन्याचं उत्तर दिलं, एवढ्यावरून पक्ष बनत नाही.

पण हा पुरावा असतो कुठे? बहुधा विरुद्ध बाजूच्या कपाटात. ओएनजीसी आणि डिस्कव्हरी एंटरप्रायझेस यांच्यातलं प्रकरण यावर बोट ठेवतं. ओएनजीसीचं म्हणणं होतं की, करारामागची खरी कंपनी त्याच समूहातली जिंदाल ड्रिलिंग आहे. तिने ते दाखवण्यासाठी कागदपत्रं उघड करण्याचा अर्ज केला. लवादाने त्या अर्जावर निर्णय देण्याआधीच 2010 मध्ये जिंदाल ड्रिलिंगला वगळून टाकलं. मुंबई उच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी, ते रद्द करून प्रश्न नव्या लवादाकडे पाठवला. खटला चालवणाऱ्यांनी ही बारा वर्षं ध्यानात ठेवावीत. कागद मागण्याचा अर्ज अधिकाराच्या प्रश्नाआधी निकाली निघाला पाहिजे.

कोर्टात याची वाट ठरलेली आहे. लवाद नेमण्यासाठी कोर्टाकडे अर्ज होतो, तेव्हा न्यायाधीश वरवर पाहून ठरवतात आणि पुढचं लवादावर सोपवतात. पुरावे घेऊन ‘ही कंपनी पक्ष आहे की नाही’ हे कलम 16 खाली लवादच ठरवतो. त्यात एक गंमत आहे. आपल्याला अधिकार नाही असं लवादाने म्हटलं तर लगेच अपील करता येतं. पण अधिकार आहे असं म्हटलं, तर ओढलेल्या कंपनीला शेवटच्या निवाड्यापर्यंत थांबावं लागतं आणि मग तो रद्द करण्याच्या अर्जात हा मुद्दा काढावा लागतो. म्हणजे सही न करणाऱ्यांचे पूर्ण खटल्याचे कष्ट आणि पैसे आधीच खर्ची पडलेले असतात. माझ्या मते या सिद्धांताचा खरा बोचणारा भाग हाच आहे.

9 सप्टेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश मोहित शाह यांना या प्रकरणात एकमेव लवाद नेमलं. जर्मन कंपनी पक्ष आहे का, हे न्यायालयाने ठरवलं नाही. ते काम त्यांच्यावर सोपवलं.