आधी आकृती, मग रिपल फॅक्टर

डायोड रेक्टिफायरचं गणित चुकतं ते बहुधा सूत्रातल्या f पाशी. म्हणून वर्कशीटवर आकडेमोडीआधी वेव्हफॉर्म काढून घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या मेन्सवर १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, पुढे चार सिलिकॉन डायोडचा ब्रिज, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०० ओहमचा लोड. रिपल फॅक्टर काढायचा आहे.

ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले १२ व्होल्ट हे आरएमएस मूल्य असतं. त्याला १.४१४ ने गुणलं की १६.९७ व्होल्टचं शिखर मिळतं. ब्रिजमध्ये एका वेळी दोन डायोडमधून प्रवाह जातो, म्हणून १.४ व्होल्ट वजा करायचे. राहिले १५.५७.

आता आकृती. कपॅसिटर नसता तर आउटपुटला दर १० मिलिसेकंदांनी एक टेकडी दिसली असती आणि दोन टेकड्यांमध्ये व्होल्टेज शून्यावर आलं असतं. तेव्हाचा रिपल फॅक्टर ०.४८. कपॅसिटर लावल्यावर व्होल्टेज शिखरापर्यंत झपकन चढतं आणि मग पुढची टेकडी येईपर्यंत लोडमधून हळूहळू उतरतं. आकृती करवतीच्या दात्यांसारखी होते. मेन्स ५० हर्ट्झचा असला तरी हे दाते सेकंदाला १०० असतात.

लोडमधला प्रवाह साधारण ०.१५ अँपिअर. १० मिलिसेकंदांत तो कपॅसिटरचं व्होल्टेज जवळपास १.५ व्होल्टने उतरवतो. म्हणजे आउटपुट १५.६ आणि १४.१ च्या मध्ये हलतं आणि सरासरी १४.८ व्होल्ट येते. करवती आकाराचं आरएमएस मूल्य काढायला १.४८ ला २√३ ने भागायचं. आलं ०.४३. त्याला १४.८ ने भागलं की रिपल फॅक्टर ०.०२९, म्हणजे २.९ टक्के. सूत्रानेही तेच येतं:

γ = 1 / (4√3 f C R)

इथे f म्हणजे मेन्सचे ५० हर्ट्झ. दाते १०० हर्ट्झचे आहेत ही गोष्ट ४√३ मध्ये आधीच धरलेली आहे. तिथे पुन्हा १०० घातले, तर उत्तर निम्मं येतं.

हीच आकृती प्रयोगशाळेतही उपयोगी पडते. ब्रिजमधला एक डायोड ओपन झाला, तर एक टेकडी आड एक गळते. सीआरओवर दात्यांमधलं अंतर २० मिलिसेकंद होतं, रिपल जवळजवळ दुप्पट होऊन २.८ व्होल्टवर जातो आणि सरासरी १४.२ पर्यंत उतरते. मल्टिमीटरच्या डीसी रेंजवर हा फरक जेमतेम अर्ध्या व्होल्टचा असल्याने सहज सुटतो. दात्यांमधलं अंतर मोजलं तर लगेच पकडता येतो.

हे सूत्र उतार सरळ रेषेत आहे असं धरून चालतं. लोड १० ओहमचा केला तर ते ०.२९ सांगेल, पण तेव्हा उतार वाकडा होतो आणि पुढची टेकडीही त्याला लवकर गाठते. खरा रिपल त्याहून कमी भरतो.